पंखा चालू, कॉम्प्युटर बंद: ताईच्या घरच्या यूपीएसचं प्रकरण

माझी मोठी बहीण फलटण तालुक्यातल्या एका गावात राहते आणि घरूनच अकरा छोट्या दुकानांचे हिशेब सांभाळते. टॅली, जीएसटीचे रिटर्न, थोडं टायपिंग, सगळं एका डेस्कटॉपवर. मी फलटणमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे तिच्या मशीनची जबाबदारी आपोआप माझ्याकडेच आली. मागच्या पावसाळ्यात तिचा फोन आला. रिटर्नची २० तारीख तोंडावर होती आणि ती रडकुंडीला आलेली.

"अरे, लाइट गेली की यूपीएस कोकलतो आणि चार मिनिटांत सगळं बंद. आणि गंमत बघ, घरात पंखा चालू आहे, ट्यूब चालू आहे, फक्त कॉम्प्युटर तेवढा मरतो. दुकानदार म्हणतोय एक केव्हीएचा घ्या. घेऊ का?"

मी म्हटलं, "ताई, दोन दिवस थांब. मी येतो, मग ठरवू."

हे दोन दिवस घाई न करणं फायद्याचं ठरलं. तिने त्याच दिवशी एक केव्हीए आणला असता तर पैसे जाऊन दुखणं तसंच राहिलं असतं. पंखा चालू असताना कॉम्प्युटर बंद पडतो, याचा अर्थ घरात वीज आहे, पण यूपीएस ती घेत नाही. ती का घेत नाही, हे आधी कळायला हवं होतं.

घरी गेल्यावर पहिल्यांदा पाहिलं ते वायरिंग. ताईकडे तीन वर्षांपूर्वी घेतलेला इन्व्हर्टर आहे, १५० एएचच्या, म्हणजे १५० अँपिअर-तासांच्या, ट्यूब्युलर बॅटरीवर चालणारा. इलेक्ट्रिशियनने वायर ओढताना कॉम्प्युटरच्या खोलीतला प्लगही इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला होता. त्या प्लगमध्ये यूपीएस आणि यूपीएसमध्ये कॉम्प्युटर. ऐकायला हे दुहेरी संरक्षण वाटतं. मी मेन स्विच पाडला आणि कान दिला. इन्व्हर्टरने भार घेतला आणि छताचा पंखा घुंऽऽ असा गुरगुरायला लागला. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे, हे त्या आवाजानेच सांगितलं. बोर्डाची वीज साइन वेव्ह असते, म्हणजे तिची लाट गोलसर चढते-उतरते. स्वस्त इन्व्हर्टर तीच लाट चौकोनी पायऱ्यांत देतो. दिव्याला त्याने फरक पडत नाही, पंखा गुरगुरतो, आणि बरेचसे यूपीएस अशा विजेला "खराब पुरवठा" समजून नाकारतात. ताईचा यूपीएस तेच करत होता. लाइट गेली की इन्व्हर्टर सुरू व्हायचा, यूपीएसला त्याची वीज पसंत पडायची नाही, म्हणून तो स्वतःच्या छोट्या बॅटरीवर जायचा आणि ती संपली की मान टाकायचा. शेजारी १५० एएचची भरलेली बॅटरी पंखा फिरवत बसलेली असायची.

पण चार मिनिटं हेही कमीच. ताईच्यासारख्या ६०० व्हीएच्या यूपीएसने, तो नवा असताना, एका साध्या डेस्कटॉपला पंधरा-वीस मिनिटं तरी द्यायला हवीत. म्हणून यूपीएस बंद केला, भिंतीतला प्लग काढला, झाकण उघडलं आणि बॅटरी बाहेर घेतली. १२ व्होल्ट ७ एएच, नेहमीची सीलबंद. मल्टिमीटर लावला तर १२.८ व्होल्ट. इथेच बरेच जण फसतात, कारण हा आकडा उत्तम वाटतो. भार न टाकता बॅटरीचा व्होल्टेज पाहणं म्हणजे माणसाला खाटेवर झोपवून त्याची ताकद जोखणं. माझ्याकडे या कामासाठी मोटारीच्या हेडलाइटचा जुना ५५ वॅटचा बल्ब वायर लावून ठेवलेला असतो. तो जोडला. मीटर ११.४ वर आला, मग १०.९, आणि दोन मिनिटं व्हायच्या आत १०.२. चांगली भरलेली ७ एएचची बॅटरी त्या बल्बवर कितीतरी मिनिटं बाराच्या आसपास टिकते. ही संपलेली होती. तीन वर्षांच्या बॅटरीला एवढंच आयुष्य असतं, त्यातून हा यूपीएस खिडकीखाली उन्हात ठेवलेला. या बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंशांच्या हिशेबाने धरलेलं असतं आणि त्यावर दर १० अंशांना ते निम्म्यावर येतं, असा ढोबळ नियम आहे.

आता नेमकं किती वेळा काय घडतं हे मोजायचं होतं. विंडोज स्वतः नोंद ठेवतं. मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं की पुढच्या वेळी सुरू होताना सिस्टिम लॉगमध्ये `Kernel-Power` या नावाने ४१ क्रमांकाची नोंद पडते. पॉवरशेलमध्ये ही एक ओळ टाकली:

```
Get-WinEvent -FilterHashtable @{LogName='System'; ProviderName='Microsoft-Windows-Kernel-Power'; Id=41} | Select-Object TimeCreated
```

तीन महिन्यांत २३ नोंदी निघाल्या. यात दिसते ती वेळ मशीन पुन्हा सुरू झाल्याची असते, लाइट गेल्याची नव्हे, हे लक्षात ठेवावं. ताईला मी एक जुनी डायरी दिली आणि सांगितलं की दोन आठवडे लाइट गेल्याची आणि आल्याची वेळ लिहून ठेव. तोवर माझ्याकडची एक कामचलाऊ बॅटरी यूपीएसमध्ये बसवून दिली.

डायरी भरून आली तेव्हा १९ नोंदी होत्या. चौदा वेळा लाइट पाच मिनिटांच्या आत परत आली होती. तीन वेळा पंधरा ते पंचवीस मिनिटं गेली होती. दोनदा मात्र तासाच्या वर, त्यातलं एकदा देखभालीच्या कामाचं आधी कळवलेलं. शिवाय तिने स्वतःहून एक ओळ लिहिली होती: "संध्याकाळी लाइट असतानाच यूपीएस टकटक करतो." मी संध्याकाळी सातला जाऊन प्लगमध्ये मीटर लावला. १६८ व्होल्ट. आजूबाजूच्या मोटारी चालू झाल्या की हा आकडा आणखी खाली जायचा. टकटक आवाज यूपीएसमधल्या रिलेचा होता. व्होल्टेज कमी झालं की तो आतल्या ट्रान्सफॉर्मरने ते वर उचलतो आणि तेही जमेना की थेट बॅटरीवर जातो. म्हणजे लाइट न जातासुद्धा बॅटरी दिवसातून कितीतरी वेळा झिजत होती.

आता निवडीचा प्रश्न नीट मांडता येत होता. दोन-तीन मिनिटांच्या खंडात मशीन हलू नये, पंचवीस मिनिटांचा खंड कामासकट निघावा, तासाच्या खंडात व्यवस्थित सेव्ह करून बंद करता यावं. आणि यूपीएसने १५० व्होल्टच्या आसपासही बॅटरीला हात न लावता काम चालवावं.

पुढची पायरी भार मोजण्याची. प्लगमध्ये बसणारा छोटा वॅटमीटर हजार-बाराशे रुपयांत मिळतो, माझ्या पिशवीत तो कायम असतो. ताईचं मशीन म्हणजे आय-फाइव्ह प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, एसएसडी आणि बावीस इंची मॉनिटर. टॅली आणि ब्राउझर उघडे असताना मॉनिटर धरून ७६ वॅट. व्हिडिओ कॉल आणि जीएसटी पोर्टल एकदम चालवल्यावर ११२. फायबरच्या राउटरचे आणखी ९. रोजचा भार ८५ वॅट, कमाल १२० धरू.

ताई हे आकडे पाहत होती. तिने विचारलं, "मग सहाशेचा यूपीएस तर पाचपट झाला की. हजाराचा कशाला?"

तिचा प्रश्न अगदी योग्य होता. खोक्यावरचा ६०० हा आकडा वॅट नसतो, व्हीए असतो, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, आणि हजार व्हीए म्हणजे एक केव्हीए. घरगुती वर्गातल्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर बारीक अक्षरांत बहुधा ३६० वॅट लिहिलेलं असतं, आणि एक केव्हीएवर ६०० वॅटच्या आसपास. भार दोन्ही मर्यादांच्या आत बसायला हवा. ताईच्या मीटरवर ७६ वॅटसोबत १२२ व्हीए दिसत होते, कारण तिच्या साध्या एसएमपीएसचा, म्हणजे मशीनच्या आतल्या पॉवर सप्लायचा, पॉवर फॅक्टर ०.६ च्या आसपास आहे, म्हणजे व्हीएच्या साठेक टक्केच वॅट. तरीही ३६० वॅट आणि ६०० व्हीए तिला भरपूर होते. भार पेलण्यासाठी तिला एक केव्हीएची काहीही गरज नव्हती. दुकानात सगळे हाच आकडा विचारतात आणि हाच विकला जातो, पण तो फक्त यूपीएस किती वजन उचलू शकतो एवढंच सांगतो. किती वेळ उचलून धरेल, ते बॅटरी ठरवते.

म्हणून बॅटरीचा हिशेब करून दाखवला. १२ व्होल्ट ७ एएच म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. भार ८५ वॅटचा, म्हणजे तासभर चालायला हवं, असं वाटतं. पण हा ७ चा आकडा वीस तासांच्या सावकाश डिस्चार्जवर काढलेला असतो, ०.३५ अँपिअरने. यूपीएस त्याच बॅटरीतून घाईघाईने वीज ओढतो. आतल्या सर्किटमध्ये साधारण वीस टक्के वाया जातात, म्हणजे ८५ वॅट द्यायला बॅटरीतून १०६ वॅट, १२ व्होल्टला जवळपास ९ अँपिअर. एवढ्या जोराने ओढल्यावर सातपैकी जेमतेम साडेतीन एएच हाती येतात. हिशेब बावीस-तेवीस मिनिटांवर येतो, तोही बॅटरी कोरी असताना.

एक केव्हीएच्या बहुतेक यूपीएसमध्ये अशाच दोन बॅटऱ्या मालिकेत जोडलेल्या असतात, २४ व्होल्ट. तोच भार आता साडेचार अँपिअरच ओढतो. हळू ओढल्यामुळे प्रत्येक बॅटरीतून चारच्या वर एएच निघतात. हिशेब पंचावन्न मिनिटांपर्यंत जातो, आणि प्रत्यक्षात स्वस्त बॅटरी आणि अंदाजातली खोट धरून चाळीस-पंचेचाळीस. बॅटऱ्या दुप्पट झाल्या की मिनिटं दुपटीने वाढतात असा आपला समज असतो, पण ती दुपटीहून थोडी जास्तच वाढतात. एक केव्हीए घेण्याचं खरं कारण हे होतं. वॅट वाढणं हा फक्त वरचा फायदा.

याच्या उलटी बाजूही तिला सांगितली. बाजारात ६००, ७५० आणि ८०० व्हीएचे अनेक यूपीएस आत तीच एक ७ एएचची बॅटरी घेऊन येतात. सहाशेवरून आठशेला गेलं तर पैसे वाढतात, मिनिटं वाढत नाहीत. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात बॅटरीची ओळ शोधायची: किती नग, किती व्होल्ट, किती एएच. ती ओळ सापडत नसेल तर दुकानदाराला विचारायचं. "३० मिनिटं बॅकअप" असं मोठ्या अक्षरांत असेल तर ते किती वॅटवर, हे बारीक अक्षरांत वाचायचं.

बॅटरी वर्षागणिक उतरते, हेही धरायचं होतं. दीड-दोन वर्षांनी निम्म्यावर येते असं मी गृहीत धरतो. एक बॅटरीवाला तेव्हा दहा-बारा मिनिटांवर येईल, ताईच्या पंचवीस मिनिटांना तो पुरणार नाही. दोन बॅटऱ्यांवाला वीसच्या वर, म्हणजे गरजेच्या जवळपास राहील. माझं मत तिथेच पक्कं झालं. मात्र दिवसातून दोनदा पाच मिनिटं लाइट जाणाऱ्या फलटणच्या घरात मी आजही सहाशेच बसवतो, आणि ते बरोबर असतं.

इन्व्हर्टरच बदलून साइन वेव्हचा घ्यावा आणि कॉम्प्युटर थेट त्यावर चालवावा, हाही पर्याय होता. साइन वेव्हच्या इन्व्हर्टरला मागे "यूपीएस मोड"चा स्विच असतो, त्यावर तो भार पुरेशा चपळाईने घेतो आणि बहुतेक मशीन चालू राहतात. तास-दोन तासांचा बॅकअप फुकट मिळतो. पण ताईचा इन्व्हर्टर ठणठणीत होता, चांगली वस्तू काढून टाकायला तिचं मन धजेना, आणि मलाही ते पटलं. तो खराब होईल तेव्हा बदलताना साइन वेव्हचाच घ्यायचा, एवढं ठरवून ठेवलं.

राहिला ब्रँड. एपीसी, ल्युमिनस, मायक्रोटेक, व्ही-गार्ड, न्यूमेरिक अशी बरीच नावं दुकानात दिसतात आणि प्रत्येकाचे भक्त असतात. कोणतं घेतलं ते मी मुद्दाम सांगत नाही, कारण सर्व्हिस ही ब्रँडची नसते, ब्रँड आणि गाव या जोडीची असते. एकाच कंपनीची सर्व्हिस पुण्यात दुसऱ्या दिवशी येते आणि आमच्याकडे आठवडा लागतो. म्हणून खरेदीच्या आधी आम्ही तीन कंपन्यांच्या ग्राहकसेवेला फोन लावला, जणू यूपीएस घरात आहे आणि बिघडलाय अशा तयारीने. फोनवर ताई बोलली, मी शेजारी कागद घेऊन बसलो.

पहिल्या कंपनीने पिनकोड विचारून सांगितलं की यूपीएस पुण्याच्या केंद्रात आणून द्यावा लागेल. दहा-बारा किलोचं धूड एसटीने पुण्याला न्यायचं आणि परत आणायचं, हे ताईला एकटीला जमणारं नव्हतं. दुसरीचा माणूस साताऱ्याहून घरी येणार होता, चार ते सहा दिवसांत. यूपीएसला दोन वर्षं वॉरंटी, पण बॅटरीला एकच वर्ष. तिसरीची दुरुस्ती फलटणच्या दुकानातच होत होती आणि यूपीएस, बॅटरी दोन्हींना दोन वर्षं. पण त्यांचं एक केव्हीएचं मॉडेल २३० व्होल्टच्या खाली १६० पर्यंतच बॅटरीशिवाय चालायचं. दुसरीच्या लेबलवर १४५ ते २९० होतं. ताईच्या संध्याकाळी १६० हा आकडा नेहमीचा. तिसरा घेतला असता तर तो रोज बॅटरी खात बसला असता आणि दोन वर्षांची बॅटरी वॉरंटी तिला वर्षभरातच वापरावी लागली असती.

आम्ही दुसरा घेतला. बॅटरीच्या एका वर्षाची मला फारशी काळजी वाटली नाही, कारण त्यात नेहमीच्या मापाच्या १२ व्होल्ट ७ एएचच्या बॅटऱ्या होत्या आणि खालचे चार स्क्रू काढले की हाताला येत होत्या. ही बॅटरी एक्साइडची, अमेरॉन क्वांटाची किंवा आणखी कुणाची, तालुक्याच्या कुठल्याही बॅटरीवाल्याकडे मिळते. दोन्ही मिळून दोन-सव्वादोन हजार. घरगुती यूपीएसमध्ये सर्वांत आधी जाते ती बॅटरी, आणि ती आपल्या बाजारात मिळत असेल तर कंपनीवरचं अवलंबन अर्ध्याने कमी होतं. एकच अट, दोन बॅटऱ्यांवाल्यात दोन्ही एकदम आणि एकाच बनावटीच्या बदलायच्या. एक नवी आणि एक जुनी ठेवली की जुनी आधी रिकामी होते, यूपीएस वेळेआधी बंद पडतो, आणि चार्जिंगमध्ये नवी तिच्या जोडीने खराब होते.

दुकानात आणखी दोन गोष्टी पाहिल्या. खोक्यावरचा बनावटीचा महिना, कारण या बॅटऱ्या पडून पडून उतरतात आणि सहा महिन्यांहून जास्त न चार्ज होता राहिलेली बॅटरी मी शक्यतो घेत नाही. पहिलं खोकं दहा महिन्यांचं निघालं, दुकानदाराने मागून दुसरं आणून दिलं. आणि बिलावर यूपीएसचा सीरियल नंबर लिहून घेतला. तो नसला की वॉरंटीच्या वेळी वाद होतो. मागच्या लेबलवर बीआयएसच्या चिन्हाजवळ `R-` ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि IS 16242 छापलेलं होतं, तेही पाहून घेतलं.

बसवताना पहिलं काम इलेक्ट्रिशियनचं. कॉम्प्युटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढून थेट मेनवर घेतला. सकाळी अकराला आलेला माणूस बाराला गेला. मग यूपीएस खिडकीपासून दूर, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून ठेवला आणि काहीही न जोडता रात्रभर, दहा तास चार्ज केला. ताईचा लेझर प्रिंटर आधी यूपीएसच्याच मागच्या सॉकेटमध्ये होता, तो काढून साध्या प्लगमध्ये लावला. प्रिंट सुरू होताना तो क्षणभर ९०० वॅटच्या वर जातो, हे तिने मीटरवर स्वतः पाहिलं होतं, म्हणून वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी चाचणी. टॅली उघडी, ब्राउझर उघडा, राउटर यूपीएसवरच. मी भिंतीवरचा स्विच बंद केला. यूपीएसने एकदा टक केलं, बीप दिला, स्क्रीन हललीही नाही. ताई काम करत राहिली आणि मी घड्याळ लावून बसलो. ४३ मिनिटांनी बीप जलद झाले, तेव्हा तिने सेव्ह करून मशीन बंद केलं. यूपीएसची यूएसबी वायर कॉम्प्युटरला जोडून विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये बॅटरी २० टक्क्यांवर आली की आपोआप शटडाउन व्हावं, असंही बसवून दिलं. ती घरात नसताना लाइट गेली तरी मशीन नीट बंद होतं.

नवं मशीन किंवा महागडा एसएमपीएस बसवणाऱ्याला यात एक वेगळी अडचण येऊ शकते. '८० प्लस' प्रमाणपत्राच्या बऱ्याच एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी असतो, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट. त्यातले काही, स्वस्त यूपीएसच्या पायऱ्यांच्या वेव्हवर गेले की भार कमी असूनही त्या क्षणी रीस्टार्ट होतात. यूपीएस शाबूत, बॅटरी भरलेली, तरी असं घडलं तर वेव्हवर संशय घ्यायचा आणि साइन वेव्हचा यूपीएस मागायचा. ताईचा एसएमपीएस साधा असल्याने हे तिला लागू नव्हतं.

या गोष्टीला आता अकरा महिने झाले. परवा गेलो तेव्हा पुन्हा तीच पॉवरशेलची ओळ टाकली. यूपीएस बसवल्यापासून ४१ क्रमांकाची एकच नोंद होती, आणि ती ताईच्या मुलाने खेळताना यूपीएसचं बटण दाबल्याची निघाली. पुन्हा स्विच पाडून वेळ मोजली, ३९ मिनिटं. यूपीएसच्या अंगावर चिकटपट्टी लावून ताईने बॅटरीची तारीख आणि ४३ व ३९ हे दोन्ही आकडे पेनाने लिहून ठेवले आहेत. २५ च्या खाली गेलं की दोन बॅटऱ्या आणायच्या, असं खाली तिच्याच अक्षरात लिहिलंय.